तुम्ही विचारलंत म्हणून: वीस मीटरवरची सुगरण

"ताई, फोनवर सुगरण पक्ष्याचे एवढे जवळून व्हिडिओ कसे काय येतात? किती जवळ जाता तुम्ही?"

साधारण वीस मीटर, त्याच्या आत नाही. म्हणजे विहिरीच्या या काठावर मी आणि पलीकडच्या काठावर पाण्यावर झुकलेली बाभूळ, तिला लटकलेली घरटी. सासवडच्या बाजूला ओळखीच्या एका मामांचं शेत आहे, ऊस असतो, तिथली ही विहीर. मामांनी आधी एकदोनदा विचारलं, "काय गं, रोज तेच घरटं?" आता विचारत नाहीत, फक्त मोटर कधी चालू करणार ते सांगून ठेवतात कारण मोटरच्या हादऱ्याने ट्रायपॉड थरथरतो.

फोन साधाच आहे, त्याच्यापुढे ८x४२ चा मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याने बघायची छोटी दुर्बीण, क्लॅम्पने बसवते; ८ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेची मिलिमीटरमधली रुंदी. बाजारात चिमट्यासारख्या क्लिपवर लावायच्या टेलिफोटो लेन्सही मिळतात आणि त्यावर २०x, ४०x असं काहीही छापलेलं असतं, त्याच्या नादी लागू नका. मोनोक्युलर घेताना एकच गणित करायचं, दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ४२ भागिले ८ म्हणजे पाचच्या थोडं वर, इतक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत मागून बाहेर पडतो आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक त्याहून लहान असतं, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही. ८x२१ घेतलात तर अडीच मिलिमीटर, ढगाळ सकाळी चित्र काळपट आणि दाणेदार येणार म्हणजे येणारच.

पहिल्यांदा लावल्यावर स्क्रीनवर काळ्या वर्तुळात चित्र दिसतं आणि लोकांना वाटतं वस्तू खराब आली. फोनचा मुख्य कॅमेरा मोनोक्युलर दाखवतो त्यापेक्षा जास्त रुंद बघतो, एवढंच आहे ते. २x झूम केलं की काळं जातं. पण इथेच एक गोम आहे, ज्या फोनला दोन-तीन कॅमेरे आहेत तो झूम केल्यावर किंवा प्रकाश बदलल्यावर न विचारता दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, आणि मोनोक्युलर तर पहिल्याच्या पुढे लावलाय, मग स्क्रीनवर अचानक अंधार नाहीतर क्लॅम्पची कड. शूटिंगला निघण्याआधी घरीच बघून घ्यायचं, २x वर ठेवून एकेका कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, कुठल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवल्यावर चित्र झाकलं जातं ते कळतं. संध्याकाळच्या मंद उजेडातही एकदा बघा, काही फोन तेव्हा वेगळं वागतात. फोनचं स्वतःचं अ‍ॅप ऐकत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारख्या अ‍ॅपमध्ये कॅमेरा निवडून ठेवायची सोय बऱ्याच फोनवर मिळते.

दुसरं म्हणजे स्टॅबिलायझेशन बंद. हे ऐकून सगळे दचकतात. फोन स्वतः किती हलला ते मोजून तेवढं चित्र सरकवतो, पण पुढे आठपट मोठं करणारी काच आहे हे त्याला माहीतच नाही, त्यामुळे त्याची दुरुस्ती अपुरी पडते आणि चित्र जेलीसारखं लिबलिबतं. ट्रायपॉड घ्यायचा, मधला दांडा वर न काढता पाय पसरून बुटका ठेवायचा, खाली दगडाची पिशवी टांगायची आणि रेकॉर्डचं बटण बोटाने न दाबता सेल्फीवाल्या ब्लूटूथ रिमोटने दाबायचं. फोकससाठी स्क्रीनवर घरट्यावर बोट दाबून धरायचं, लॉक आलं की त्यानंतर फोनला हात नाही, पुढची बारीक जुळणी मोनोक्युलरच्या चाकाने. लॉक केलं नाही तर घरटं वाऱ्यावर झुललं की फोन पुढच्या काटेरी फांदीवर फोकस मारतो आणि परत यायला सेकंद-दोन सेकंद घेतो, नेमके तेवढ्यातच पक्षी येऊन गेलेला असतो. नराचं डोकं पिवळंधमक असतं, ते उन्हात फटफटीत पांढरं होतं, म्हणून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढून ठेवायची.

इतकं झाल्यावर वीस मीटरवरून काय मिळतं? फ्रेममध्ये साधारण दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढी जागा मावते. पक्षी पंधरा सेंटिमीटरचा, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा सातवा हिस्सा. ४के मध्ये काढलं तर नंतर निम्मं कापून टाकता येतं आणि मोबाईलवर बघणाऱ्याला तरी फरक कळत नाही. तुम्ही 'जवळून' म्हणता ते हे, कापलेलं. फोन मात्र भराभर भरतो, मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी.

आता खरं सांगायचं तर हे सगळं सामान कोणीही जोडेल, मला व्हिडिओ मिळतात ते सुगरण निवडल्यामुळे. उडत्या पक्ष्यामागे आठपटीची काच घेऊन फिरणं म्हणजे नळीतून डास शोधणं. जो पक्षी त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो तोच आपल्यासारख्यांच्या कामाचा, आणि सुगरण नर पूर्ण घरट्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो असं नोंदलेलं आहे, गवताच्या किंवा उसाच्या पात्याची एकेक पट्टी घेऊन. यापेक्षा जास्त संधी कुठला पक्षी देणार!

शिवाय जागा. पुष्कळ वेळा ही घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसा-वाऱ्याला झाडच आड येतं. माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा की विहिरीच्या पूर्वेच्या काठावर उभं राहिलं तर सकाळी सूर्य माझ्या पाठीशी आणि उजेड थेट घरट्यांवर. आमची बाभूळ तशीच आहे. साडेसहा-सातला ट्रायपॉड लावायचा, नऊ-साडेनऊनंतर ऊन असेल तर गुंडाळायचं, कारण तापलेल्या बांधावरची हवा थरथरायला लागते आणि एवढ्या झूमला ती स्पष्ट दिसते. ही थरथर ट्रायपॉडची की हवेची हे कळायला सोपं आहे, पूर्ण फ्रेम एकदम हलली तर ट्रायपॉड, कडा पाण्याखालच्यासारख्या वळवळल्या तर हवा. हवेवर उपाय नाही, घरी जायचं.

मागच्या पावसाळ्यात एक नर मी जवळपास सुरुवातीपासून काढला. आधी फांदीला नुसती गाठ, मग उभी कडी, मग त्या कडीला एका बाजूने छप्पर. या टप्प्याला हेल्मेट म्हणतात, दिसतंही तसंच, अर्धवट, खालून उघडं. इथपर्यंत यायला त्याला आठवडाभर लागतो साधारण, पूर्ण व्हायला अठराएक दिवस. हेल्मेट झालं की नर थांबतो आणि माद्या बघायला येतात, पसंत पडलं तरच पुढची अंड्याची खोली आणि खाली लोंबणारी नळी. मादी आल्याचं आपल्याला आधी दिसत नाही कारण ती चिमणीसारखी मातकट, पण सगळे नर एकदम आपापल्या घरट्याला लटकून पंख फडफडवत चिवचिवाट करतात. हाच इशारा. तो कानावर पडला की रेकॉर्ड दाबायचं, एरवी फोन नुसता उभा ठेवायचा. सतत रेकॉर्ड करत बसलात तर फोन तापतो, उन्हात तर स्वतःच बंद पडतो, म्हणून त्याच्यावर पांढरा रुमाल टाकते मी.

तर या नराकडे माद्या यायच्या, कडीवर बसायच्या, आतून दोन धागे ओढून बघायच्या आणि शेजारच्या घरट्यात जायच्या. त्याची वीण मला तरी शेजाऱ्यापेक्षा जास्त घट्ट वाटत होती, मी मामांना तसं म्हटलंही. "तुला राहायचंय का त्यात?" असं मामा म्हणाले. संशोधकांना असं आढळलंय की माद्या विणकामापेक्षा जागेला जास्त भाव देतात, फांदी किती उंच, किती बारीक वगैरे, आणि याची फांदी खरंच जाडजूड होती, साप सरळ चालत येईल अशी. शेवटी त्याने ते हेल्मेट तसंच सोडलं आणि वरच्या बारीक फांदीवर नवीन गाठ मारली. माझ्या फोनमध्ये या जुन्या घरट्याच्या ढीगभर क्लिप आणि नवं घरटं फ्रेमच्या बाहेर! सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींवर जे निरीक्षण केलं आणि १९३१ साली छापलं, त्यात एक नर एकामागून एक घरटी बांधत वेगवेगळ्या माद्यांशी संसार मांडतो हे पुढे आलं होतं. ते कसं कळलं असेल याचा अंदाज येतो, एका जागेवरून नजर न हलवता.

पाती फाडतानाचं दृश्य हवं असेल तर मात्र झाड सोडून उसाकडे वळायचं. नर पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरतो आणि उडतो, पट्टी आपोआप फाटत जाते. हे इतकं झटपट होतं की नुसत्या डोळ्याला कळतच नाही, सेकंदाला १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये कळतं, त्याला उजेड मात्र भरपूर लागतो. सरडा, खार यांच्यासाठी हेच सामान चालतं, फक्त मोनोक्युलर किती जवळचं फोकस करतो ते आधी बघा, काहींना तीन मीटरच्या आतलं जमत नाही. विहिरीच्या कठड्यावर सरडा मान वरखाली करत बसतो तेव्हा पुढे नाही, चक्क मागे सरकावं लागतं.

आणि ते वीस मीटर का, तर चोचीत पट्टी घेतलेला नर घरट्यावर न जाता शेजारच्या तारेवर बसून राहिला की समजायचं आपण जास्त जवळ आहोत. मी इतकी मागे सरकत गेले की तो सरळ घरट्यावर जायला लागला, ते अंतर माझ्या त्या विहिरीवर वीस निघालं, तुमच्याकडे तीस निघेल, रस्त्याकडेच्या सवयीच्या वसाहतीत कदाचित कमी. आड येणारी फांदी तोडायची नाही, बांधायचीही नाही, ती आहे म्हणून कावळ्याला घरटं सहज दिसत नाही. नळी पूर्ण झाली आणि मादी आत-बाहेर करायला लागली की मी तिकडचा ट्रायपॉड उचलते. आत अंडी किंवा पिल्लं असतात, आणि बाहेरून दिसतं काय तर नळीत शिरणारी शेपटी. त्यापेक्षा दुसऱ्या बाजूला कोणीतरी नवं हेल्मेट विणत असतोच, हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो आमच्याकडे, पाऊस लांबला तर पुढेही.