बेचाळीस हजार कॅलरी गेल्या कुठे?

"७७०० कॅलरी म्हणजे एक किलो चरबी, मग रोज ५०० कमी खाल्ल्या तर सहा महिन्यांत किती उतरेल? साधा भागाकार आहे, त्यावर तुम्ही एवढ्या चिडता का?"

कारण हा भागाकार एकदा माझ्या तोंडावर फेकला गेलाय. दादरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या केबिनमध्ये, नवऱ्यासमोर.

मी ७८ किलोपासून सुरुवात केली होती. पहिल्याच आठवड्यात सव्वादोन किलो उतरले. बाई खूश, मी त्याहून खूश. बाईंच्या हिशेबाने आठवड्याला जेमतेम अर्धा किलो जायला हवा होता, पण वरचे पावणेदोन किलो कुठून आले, हे कुणीच विचारलं नाही. ते माझ्या निष्ठेच्या खात्यात जमा झाले. खरं तर ते बहुतेक पाणी होतं. खाणं कमी झालं की शरीर आधी ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत ठेवलेल्या साखरेचा, साठा वापरतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं.

सहाव्या महिन्यात काटा ७१.६ वर होता. बाईंनी कॅल्क्युलेटर काढला. १८२ दिवस गुणिले ५००, भागिले ७७००. बारा किलोला थोडं कमी. म्हणजे मी ६६ च्या आसपास असायला हवी होते. साडेपाच किलोला जरासं कमी, एवढी तूट. तिला पुन्हा ७७०० ने गुणून त्या म्हणाल्या, "बेचाळीस हजार कॅलरी गेल्या कुठे? वडापाव ३०० चा धरला तर १४० वडापाव झाले. खरं सांगा, मी रागावणार नाही."

आणि मी सांगितलं. न खाल्लेले वडापाव कबूल केले! स्टेशनवर कधीतरी, ऑफिसात संध्याकाळी, असं काहीबाही बोलत गेले. समोर आकडा होता आणि आकड्याशी भांडायची माझी तयारी नव्हती. परतीच्या वाटेवर नवरा एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस." अजून ते आठवलं की घशाशी येतं.

आता तो आकडा. १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरने एका पाउंडाला ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला. त्याचंच किलोतलं रूप ७७००. चरबीच्या पेशीजालात साधारण ८७ टक्के स्निग्धांश असतो. किलोमागे ८७० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे चरबीच्या एका किलोत किती ऊर्जा साठलेली आहे, हे सांगायला आकडा ठीकच आहे. चूक पुढच्या गुणाकारात आहे. १८२ ने गुणताना आपण धरून चालतो की पहिल्या दिवशीची ५०० ची तूट शेवटच्या दिवशीही ५०० चीच राहिली. ती राहत नाही. सात किलो हलकं शरीर जिने चढताना, उभं राहताना, नुसतं झोपताना कमी जाळतं. खाणं कमी म्हणून पचवण्याचा खर्च कमी, आणि न कळत माणूस हालचालही कमी करतो. ताटात तेवढंच, पण तूट रोज थोडी आटते. जुना नियम सरळ रेषेत पुढे नेलात तर पाच वर्षांत मी शून्याच्याही खाली जाते.

२०११ मध्ये केविन हॉल या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दुसरा ठोकताळा दिला: रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची कपात, म्हणजे शेवटी एक किलो. त्यातला निम्मा उतार पहिल्या वर्षात, जवळपास सगळा तीन वर्षांत. माझ्या ५०० ला हे लावलं तर शेवटी २१ किलो, वर्षात दहा-साडेदहा, सहा महिन्यांत सहाच्या आसपास. माझे ६.४ उतरले होते. चोर म्हणवून घ्यावं असं काही झालंच नव्हतं.

पण थांबा, इथे मी स्वतःलाच फार सोपं सोडतेय. तो ठोकताळा सरासरीचा आहे, माझ्या शरीराचा नाही. आणि मी अगदी ५०० च कमी खात होते, हे कशावरून? पोळीवरचं तूप मी अंदाजाने लिहायचे. ऑफिसातले वाढदिवसाचे केक तर वहीत कधी आलेच नाहीत. तेव्हाची मी म्हणायची, "हिशेबाने नाही उतरत, म्हणजे माझंच चुकतंय." आताची मी म्हणते, हिशेबच चुकीचा. दोघींपैकी कोण किती खरी, हे त्या वहीवरून वेगळं काढता येत नाही.

मागच्या दिवाळीत नवऱ्याला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "आणि त्या १४० पैकी खरे किती होते?"

मी म्हटलं, "सात-आठ." तो हसला. विश्वास बसला की नाही, मी विचारलं नाही.