ट्रेमधला मका: सव्वा किलोचे सात किलो, आणि पुन्हा एक किलो

सासवडच्या पुढे आमच्या तीन एचएफ गाई आहेत. शेत कोरडवाहू. मार्च संपला की विहीर बसते आणि बांधावरचा घासही. मागच्या उन्हाळ्याआधी गोठ्यामागे दहा बाय बाराचं शेडनेट उभारलं, बांबूचे मांडव केले आणि मातीशिवाय मक्याचा हिरवा चारा उगवायला दोन बाय दीड फुटाचे 28 ट्रे मांडले. फॉगर आणि टायमर धरून 26 हजार गेले. ट्रे विकणारा म्हणाला होता, किलो मक्याला दहा किलो चारा निघतो.

पहिलं बियाणं मी कृषी केंद्रातून आणणार होतो. बरं झालं आणलं नाही, कारण ते औषध लावलेलं गुलाबी बी असतं, जनावराला घालायचंच नाही. मार्केट यार्डातून खायचा मका 24 रुपयांनी आणला. त्यात तुकडा फार निघाला आणि त्यानेच पहिला घाणा बिघडवला. फुटलेला दाणा उगवत नाही, नुसता सडतो आणि शेजारच्याला सडवतो. चौथ्या दिवशी ट्रेला आंबूस वास यायला लागला. मुळांवर पांढरं काहीतरी दिसत होतं. ती बुरशी की मुळांचे केस, हे ओळखायला थोडे दिवस लागले. पाणी मारल्यावर मुळांचे केस चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचं जाळं मात्र एका दाण्यावरून दुसऱ्यावर तसंच राहतं आणि हाताला बुळबुळीत लागतं. तसे चार ट्रे मी थेट उकिरड्यावर टाकले. बुरशी धुऊन जनावरांना घालणं म्हणजे आजार विकत घेणं.

मग शिस्त बसली. मका चाळून तुकडा काढायचा, बादलीत घालून वर तरंगणारा दाणा फेकायचा, बारा तास भिजवायचा, नंतर ओल्या बारदानात बांधून एक दिवस ठेवायचा. मोड फुटले की ट्रेमध्ये सव्वा किलो बी, दोन दाण्यांपेक्षा जाड थर नाही. ट्रे एका बाजूला जरा उतरता ठेवायचा, म्हणजे तळाला पाणी साचत नाही. दर दोन तासांनी अर्धा मिनिट फॉगर. रिकामा झालेला ट्रे ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात. सातव्या दिवशी मुळांसकट चटई उचलायची. रोज चार ट्रे निघायचे, साधारण 27-28 किलो. म्हणजे सव्वा किलोचे पावणेसात-सात किलो, साडेपाचपट. दहापट मला एकदाही मिळाला नाही.

तरी मी खूश होतो. आई मात्र चटई पिळून म्हणाली, "अरे, हे तर पाणीच. वजन कशाचं करतोयस?"

ते मनात राहिलं. मे महिन्यात एका ट्रेची चटई मोजली, 6 किलो 900 ग्रॅम. गोठ्याच्या पत्र्यावर चार दिवस कडक वाळवली. वजन भरलं 1 किलो 30 ग्रॅम. घातला होता 1 किलो 250 ग्रॅम मका! मोड येताना दाणा स्वतःचाच साठा जाळतो, त्यामुळे पोटात जाणारा कोरडा भाग वाढत नाही, घटतो. प्रथिनांचं टक्केवारीतलं प्रमाण वाढलेलं दिसतं तेही बरंचसं यामुळेच; पिठूळ भाग जळाला की उरलेल्यात त्यांचा वाटा मोठा दिसतो.

मग हिशोब केला. रोजचा मका 120 रुपये, वीज आणि ट्रे-शेडची झीज मिळून 30. माझा दीड तास धरलेलाच नाही. 150 रुपयांत कोरडा चारा सव्वाचार किलोच्या आत, म्हणजे किलोला 36 रुपये. शेजारच्या अण्णांचा हिरवा मका 4 रुपये किलो, तोही एक किलो वाळवून पाहिला तर 240 ग्रॅम भरला, म्हणजे 17 रुपये. आणि तोच 24 चा मका दोन रुपये देऊन भरडला असता तर 26 रुपयांत पडला असता.

दरम्यान, आणखी एक चूक करून बसलो होतो. अण्णांकडे पाणी कमी पडलं तेव्हा आठवडाभर हिरवा मका पूर्ण बंद केला, कडबाही कमी केला, कारण ट्रेचं सगळं गाई आवडीनं खात होत्या. शेण पातळ झालं, रवंथ कमी आणि डेअरीवर फॅट 3.8 वरून 3.3. कोवळ्या चटईत चघळायला धागाच नाही. कडबा कुट्टी पुन्हा पाच-सहा किलो सुरू केली तेव्हा दहा दिवसांत फॅट वर आलं.

ट्रेचा एक फायदा मात्र खरा: दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर पाण्यात काहीतरी हिरवं मिळतं. तेवढ्या पाण्यात एक सरीही भिजत नाही. म्हणून आठ ट्रे ठेवलेत, एप्रिल-मेमध्ये कुट्टीत मिसळून गाईला अडीच किलो, चव लागावी म्हणून. बाकीचे वीस ट्रे पुतण्याने रोपवाटिकेसाठी नेले. या पावसाळ्यात अण्णांच्या अर्ध्या एकरातला मका दाणा चिकात असताना कापून मुरघासाच्या पिशव्या भरल्या. आता त्या मार्चमध्ये फोडायच्या.