चौथा माळा, झड आणि काचेची शेगडी

"भाऊ, एवढ्या झडीत चौथ्या माळ्यावर पार्सलची पेटी कोरडी आणता तरी कशी? अन् टोंगळे नाही दुखत?"

पेटी भिजते ती बहुधा खालून. वरच्या पावसाची काळजी सगळेच घेतात, बॅगेवर पन्नी टाकतात. पण मागच्या चाकाचं चिखलपाणी खालून उडतं, पन्नीवरून ओघळलेलं पाणी बॅगेच्या तळाशी साचतं, आणि खोका त्यातच बसून राहतो. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. खळ भिजली की थर सुटतात. बाहेरून खोका धडधाकट दिसतो आणि उचलला की तळ जागेवरच राहतो. तळाचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहा. कोरडा पुठ्ठा परत वर येतो, भिजलेला दबलेलाच राहतो.

समजा, तीन बर्नरची काचेची शेगडी आहे, साधारण ९ किलोची. ती दोन चुंगड्यांत घालायची. खताच्या, आतून पन्नी असलेल्या, धुऊन वाळवलेल्या चुंगड्या सगळ्यात चांगल्या. पहिली खालून वर चढवायची, दुसरी वरून टोपीसारखी, आणि वरची खालचीवर वीतभर तरी आली पाहिजे. मग ओघळणारं पाणी आत जायला वाट राहत नाही. तळाच्या जोडावर टेप मारायची ती निघण्याआधीच, कारण ओलसर पुठ्ठ्यावर टेप धरत नाही. कॅरियरवर खोक्याखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या की पाणी निघून जातं.

वणी, वरोरा, उमरेडसारख्या तालुक्याच्या गावांत तळमजल्यावर चार माळे चढवलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारती आता बऱ्याच दिसतात. अशा ठिकाणी पेटी उचलायच्या आधी खालूनच फोन करायचा. घरी कोणी आहे का, पैसे रोख देणार की ऑनलाइन, ओटीपी आला का, हे सगळं तिथेच विचारून घ्यायचं. झडीत लाईन गेलेली असते, वर बेल वाजत नाही, आणि जिन्यात रेंज मिळेलच असं नाही. या एका फोनने फुकटची चढण वाचते.

त्याच वेळी पेटी हळूच एका बाजूला कलवून कान द्यायचा. शेगडीची काच टफन असते. ती फुटली की मोठे तुकडे होत नाहीत, बारीक खड्यांचा चुरा होतो. गिट्टीसारखी खळखळ ऐकू आली तर पेटी वर न्यायचीच नाही. ग्राहकाला खरं सांगून परत पाठवायची.

एका माळ्याला साधारण १८ पायऱ्या, मध्ये वळणाची मोकळी जागा. चार माळे म्हणजे ७२ पायऱ्या. पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली तर पुढची पायरी दिसत नाही, हे आमच्याकडच्या नव्या पोरांना आधी सांगावं लागतं. पेटी भिंतीकडच्या खांद्यावर उभी घ्यायची, दुसरा हात कठड्यावर. टफन काच मधे मार सोसते, पण कडेला आणि कोपऱ्यावर नाजूक असते. बहुतेक वेळा ती वळणावर कोपरा भिंतीला लागून फुटते, म्हणून वळताना आधी स्वतः पूर्ण वळायचं, मग पेटी. दम लागला तर पेटी वळणावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायची. कठड्यावर कधीच नाही.

खालून चढताना बुटाचे तळवे पायपुसण्यावर घासून घ्यावे. काळ्या मातीचा थर चिकटला असेल तर आधी काडीने काढावा. गुळगुळीत फरशीच्या पायरीवर ती माती साबणासारखी काम करते.

दाराशी पेटी ओल्या फरशीवर ठेवायची नाही. आधी बाहेरची चुंगडी काढायची, मग "काकू, उंबऱ्याच्या आत ठेवू का?" असं विचारून आत टेकवायची. कोरडा रुमाल वेगळ्या पन्नीत जपावा. फोनच्या काचेवर पाण्याचे थेंब असले की बोट एका आकड्यावर लागतं अन् उमटतो दुसराच, ओटीपी चुकतो. हात आणि फोन दोन्ही पुसूनच आकडे टाकायचे.

आता टोंगळ्यांचं. चढताना दम लागतो, पण टोंगळे दुखतात ते उतरताना. वजन वर ठेवून आलो म्हणून पोरं दोन-दोन पायऱ्या उतरतात, तेव्हाच पाय मुरगळतो किंवा घसरतो. एकेक पायरी उतरायची, पूर्ण तळवा टेकवून, कठडा धरून. रिकाम्या चुंगड्या घडी करून बगलेत घ्यायच्या, हातात लोंबत्या ठेवल्या तर पायात येतात.