गोंदाआधी पाणी

“जुन्या घराला चुना मारला, पण भिंतीला टेकलं की कपडे पांढरे होतात. चुन्यात कोणता गोंद घालावा?”

गोंद शेवटी पाहू. आधी चुना भिंतीला कसा धरतो ते पाहू. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट सुकला की काम झाले असे धरता येते, चुन्याचे तसे नाही. भट्टीत भाजलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावल्यानंतर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा मूळच्या चुनखडीसारखा कठीण होतो. मात्र हा वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो, म्हणून थरात थोडी ओल शिल्लक असेपर्यंतच ही क्रिया चालते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कोरड्या भिंतीवर चुना मारला, तर भिंत त्यातील पाणी घटकाभरात पिऊन टाकते आणि वर राहते ती नुसती भुकटी. तीच कपड्यांना लागते.

गेल्या काही वर्षांत मला दाखवलेल्या अशा भिंतींपैकी मालवणजवळच्या एका घराची पडवी या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. भिंत चिऱ्याची, गिलावा जुन्या चुन्याचा, तोंड पश्चिमेला. घरमालकांनी उन्हाळ्यात दुकानातून पिशवीतली पांढरी पूड आणून दाट कालवली आणि दोन जाड हात मारले. भिंतीच्या मधल्या भागावर तळवा फिरवला की सर्वत्र सारखी भुकटी येत होती. वरच्या पट्ट्यात मात्र नखाएवढे पापुद्रे सुटत होते. आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत खारट, चमकणारे कण फुलले होते. एकाच भिंतीवर हे तीन वेगळे दोष होते आणि त्यांतला एकही गोंदाने गेला नसता.

पापुद्र्यांखाली जुने डिस्टेंपर निघाले. चुन्याला पाणी शोषणारी, उघड्या छिद्रांची भिंत लागते. डिस्टेंपरवर तो नुसता बसतो आणि पुढे सुटतो. ते कोमट पाण्याने भिजवून, खरवडून पूर्ण काढावेच लागते. खालच्या पट्ट्यातला दोष लोण्याचा, म्हणजे जमिनीतून चढणाऱ्या ओलीबरोबर येणाऱ्या क्षारांचा. ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावेत, धुऊ नयेत, कारण पाण्याबरोबर ते पुन्हा आत जातात. तिथे चुना दरवर्षी थोडा झडणारच, आणि तो झडावा हेच बरे: वर सिमेंटचा गिलावा केला तर ओल कोंडून वरच्या बाजूने चढू लागते.

उरली मधली भुकटी. तिच्यात उन्हाचा दोष होताच, पण पुडीचाही होता. क्रीडांगणावर रेषा आखायची फक्की पुष्कळदा दगडाची किंवा खडूची भुकटी असते, आणि फार दिवस उघडा राहिलेला चुनाही हवेत मरून तसाच होतो. परीक्षा सोपी आहे. चिमूटभर पुडीवर लिंबाचा रस पिळावा; जोरात फेस आला तर त्यात धरण्याची ताकद उरलेली नाही, कारण जिवंत चुना रसात फेसाविना विरतो. इथे फेस आला.

काम नव्याने डिसेंबरात केले. कोकणात गणपतीच्या आधी घर रंगवायची घाई असते, आणि आतल्या खोल्यांपुरती ती चालते. पण पावसाने चिंब झालेल्या बाहेरच्या भिंतीत हवेला शिरायला जागाच नसते, शिवाय सर आली की ताजा हात धुऊन जातो. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवला. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, असा क्रम ठेवावा. उलट केले तर उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण चुन्याचा थेंब डोळा भाजतो. गेलाच तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. विरलेला चुना वर पाण्याचा थर ठेवून झाकून ठेवला की हवा लागत नाही आणि तो महिनोन्महिने टिकतो. मुरेल तितका कुंच्याखाली मऊ चालतो.

लावताना घट्ट चुन्याच्या एका भांड्याला साधारण तीन भांडी पाणी घेऊन मलमलीतून गाळले. पातळ ताकाइतके सैल हवे. आदल्या संध्याकाळी आणि लावण्याआधी भिंतीवर पाणी मारले, इतकेच की ती ओलसर दिसेल पण पाणी ओघळणार नाही. घायपाताच्या कुंच्याने पहिला हात मारला तेव्हा घरमालकांना भिंतीवर काहीच दिसेना. याच क्षणी लोक मिश्रण दाट करतात आणि काम बिघडते. ओला चुना पारदर्शक असतो, पांढरेपणा सुकल्यावर येतो, म्हणून दिसण्यावर न जाता पातळच हात द्यावेत, दोन हातांत किमान एक दिवस सोडावा आणि मध्ये पाण्याचा हलका फवारा मारत राहावे. अशा चार-पाच हातांनी भिंत भरते.

शेवटचे दोन हात पिवडीचे दिले. चुन्याच्या तिखटपणापुढे टिकतात ते मातीचे रंग, म्हणजे पिवडी, गेरू, काव. हळद टिकत नाही. हळदीत चुना पडला की कुंकवाचा लाल रंग येतो हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे, आणि तो लालही उन्हात उडतो. प्रमाणाचे म्हणाल तर दहा किलो घट्ट चुन्यात सुमारे निम्मे पाणी असते, म्हणजे खरा चुना पाच किलो. त्याला पाव किलो पिवडी पुरते. अर्ध्या किलोच्या पुढे गेलो तर तिला बांधून ठेवायला चुना अपुरा पडतो आणि मग कपडे पिवळे होतात. पिवडी रात्रभर भिजवून, गाळून, संपूर्ण भिंतीपुरती एकदाच कालवावी, कारण दुसऱ्या वेळची छटा जुळत नाही. ती सतत तळाशी बसते, म्हणून दर काही कुंच्यांनी ढवळावे. वाळल्यावर रंग फार फिका होतो, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात आधी एक पट्टा लावून दोन दिवस पाहणे बरे. आणि एक भिंत एका दमात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्यावी, नाहीतर जोड दिसतो.

आता गोंद. सुताराचा पांढरा गोंद चुन्यात घालू नये. चुन्याच्या तिखटपणाने तो फुटतो, आणि तोवर भिंतीचा श्वास कोंडतो. घालायचेच तर साय काढलेल्या दुधाचे ताक थोडेसे, तेही फक्त रंगाच्या हातांत. त्यातील केसीन चुन्याशी जुळून पाण्यात न विरघळणारे बनते, पण प्रमाण वाढले तर कोकणच्या दमट हवेत बुरशी येते. काही जण मीठही सुचवतात. त्याने ओल धरून राहते हे खरे, पण लोणा लागलेल्या भिंतीवर मी ते कधीच वापरणार नाही.

तुमची भिंत आधीच सुटत असेल तर भुकटी मऊ ब्रशने झाडून काही दिवस फवारा मारून पाहा. आतला चुना जिवंत असेल तर ती धरू लागेल. निवळीचे हात देऊन भिंत घट्ट होते असे सांगतात, मात्र एक लिटर निवळीत जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळलेला असतो, म्हणून एकदोन हातांत फरक दिसायची आशा धरू नये. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झापे लावा, पाऊस सरल्यावर वाळलेले शेवाळ झाडून एक पातळ हात द्या, आणि ज्या बाजूला पाऊस लागत नाही तिथे दोन-तीन वर्षे हात लावू नका. वर्षानुवर्षांचे थर जाड होऊन ढलप्यांनी सुटू लागले, तरच खरवडायला घ्या.