पगाराचा आठवा हिस्सा आणि मामांचं कर्ज

२०११ च्या आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, मी मामांचे सहा लाख रुपये देणं लागत होते. इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी, पुण्यातलं होस्टेल आणि वडिलांच्या आजारपणात गेलेली रक्कम, सगळं मिळून तेवढं झालं होतं. मामा चोपडा तालुक्यात केळी करतात. त्यांनी ठेव मोडून पैसे दिले होते, म्हणून ठेवीवर मिळालं असतं तेवढंच, म्हणजे वर्षाला आठ टक्के व्याज धरायचं, हे दोघांनाही मान्य होतं.

प्रश्न हप्त्याचा होता. मला जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि हातात महिन्याला पंचवीस हजार येत होते. बँकेसारखा ठरलेला हप्ता मामांनीच नको म्हटलं. ज्यांनी आयुष्यभर केळीचे भाव वर-खाली होताना पाहिले, त्यांना ठरलेल्या रकमेचा भरवसा वाटत नाही. शेत बटाईने देताना पीक येईल त्याचा वाटा ठरतो, तसंच हेही ठरलं. वर्षभरात हातात येईल त्या पगाराचे बारा टक्के, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा, दर आखाजीला द्यायचा. आमच्याकडे सालदाराचं सालही आखाजी ते आखाजीच चालतं, त्यामुळे हिशोबाला तोच दिवस सोयीचा होता. पैसे बँकेतूनच गेले पाहिजेत, हा आग्रह माझा. वीस हजार किंवा त्याहून मोठी उसनी रक्कम रोखीने घेणं किंवा फेडणं आयकर कायद्यात बसत नाही.

दोन गोष्टी आम्ही सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवल्या आणि पुढे त्याच उपयोगी पडल्या. एक, ‘पगार’ म्हणजे पीएफ कापून खात्यात जमा होणारी रक्कम. दोन, बोनस आणि ओव्हरटाइमही त्यातच धरायचा. हे आधी बोललो नसतो तर दरवर्षी दिवाळीनंतर अवघडलेपण आलं असतं.

पहिल्या वर्षी पगार तीन लाख, हिस्सा छत्तीस हजार. मी मोठ्या समाधानाने पैसे पाठवले. मग वहीत हिशोब मांडला. सहा लाखांवर आठ टक्के व्याज अठ्ठेचाळीस हजार झालं होतं. छत्तीस दिले, म्हणजे कर्ज सहा लाख बारा हजारांवर गेलं. पुढच्या वर्षी सहा लाख बावीस हजार. पगार दरवर्षी सरासरी आठ टक्क्यांनी वाढत होता, हिस्साही वाढत होता, तरी २०१६ च्या आखाजीला बाकी निघाली सहा लाख सदतीस हजार. तोवर मी दोन लाख अकरा हजार भरले होते.

मी माहेरी आले होते, मामा वही घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, “माय, तू पैसा दी राहिनी, तरी कर्ज वाढी राहिनं. हाई कसं?”

त्यांचा सूर दोष देण्याचा नव्हता, पण मला रात्रभर झोप आली नाही. मी खरंच फेडते आहे की फक्त तसं वाटतंय, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या एकेका वर्षाचा हिशोब कागदावर मांडत गेले आणि एक सोपी गोष्ट सापडली. पगारवाढीचा दर आणि व्याजाचा दर सारखे असतील तर दर हप्ता मूळ कर्जाचा सारखाच तुकडा फेडतो. दुसऱ्या वर्षीचा हप्ता आठ टक्क्यांनी मोठा असतो, पण वर्षभर उशिरा आल्यामुळे त्याचं आजचं मोल त्याच प्रमाणात कमी होतं. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे मुदत काढायला नुसता भागाकार पुरतो: आजचं कर्ज वर्षभराच्या व्याजासकट घ्यायचं आणि पहिल्या हप्त्याने भागायचं. सहा लाख अठ्ठेचाळीस हजार भागिले छत्तीस हजार, उत्तर अठरा. म्हणजे अठरा वर्षं, दरवर्षी अठरावा भाग. आकडा वाढताना दिसत होता तरी अठरातले पाच भाग फिटले होते.

याच चालीने गेले असते तर बाकी पाचव्या वर्षानंतर उतरू लागली असती आणि नवव्या वर्षी पुन्हा सहा लाखांच्या जवळ आली असती. अर्धी मुदत संपल्यावर कागदावर कर्ज जिथे सुरू झालं तिथेच! खरी उतरण सगळी दुसऱ्या अर्ध्यात. हे आधी माहीत नसेल तर माणूस मध्येच धीर सोडेल.

पण मला जास्त धास्तावणारा आकडा दुसरा होता. पगारवाढ आठऐवजी पाच टक्के असती तर अठराची साडेचोवीस वर्षं झाली असती. तीन टक्के असती तर जवळजवळ अडतीस. आणि दोन टक्के असती तर कर्ज कधीच फिटलं नसतं. पहिल्या वर्षी कर्ज दोन टक्क्यांनीच वाढलं होतं ना? पगारही दोनच टक्क्यांनी वाढला असता तर दोघं कायम बरोबरीने वाढत राहिले असते. उलट बारा टक्के वाढ मिळाली असती तर चौदा वर्षांत काम झालं असतं. कर्ज तेच, हिस्सा तोच, फक्त वाढीचा दर वेगळा.

वाढीचा दर माझ्या हातात नव्हता, हिस्सा होता. तोवर पगार महिन्याला चौतीस हजारांपर्यंत आला होता आणि नवऱ्याचंही उत्पन्न घरात येत होतं. आम्ही दोघांनी बसून हिस्सा बारावरून अठरा टक्क्यांवर नेला. पुन्हा तोच भागाकार केला, तर उरलेली तेरा वर्षं पावणेनऊच्याही आत आली. बदल लगेच दिसला. पुढच्याच आखाजीला मी एकोणऐंशी हजार दिले आणि बाकी प्रथमच खाली आली, सहा लाख आठ हजारांवर. मामांनी तो आकडा दोनदा वाचला.

मग २०२०-२१ चं साल आलं. कारखान्यात पगार कापला नाही, पण वाढही दिली नाही. एक वर्ष वाढ बुडाली म्हणजे त्या वर्षापुरतं नुकसान, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या पगारावर मिळते, म्हणून त्यानंतरचा प्रत्येक हप्ता लहान होतो. माझ्या हिशोबात त्या एका कोऱ्या वर्षाने सुमारे पाच महिने वाढवले. तेच वर्ष अगदी सुरुवातीला आलं असतं तर सगळेच हप्ते लहान होऊन जास्त वर्षं गेली असती.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या आखाजीला, चौदावा हप्ता एक लाख छत्तीस हजारांचा होता. तो देऊनही पाच हजार चारशे रुपये उरत होते. तेवढे मी बचतीतून घालून टाकले. सगळे मिळून अकरा लाख साठ हजार गेले. बारा टक्क्यांवरच थांबले असते तर, पगारवाढ एकदाही न चुकता, साडेतेरा लाख गेले असते आणि अजून चार वर्षं उरली असती.

मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर शून्य लिहिलं, खाली तारीख घातली आणि वही माझ्याकडे दिली. त्यांचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याच्या फीचं काय करायचं, हे बोलायला पुढच्या रविवारी सगळे बसणार आहोत. मी ती वही घेऊन जाणार आहे.