डाव्या खांबाशी सुटलेली फट

सोलापुरात शाळांच्या मुलींचा हॉकीचा सामना होता. मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोलांनी मागे होतो आणि दोन्ही गोल सारखेच झाले होते. त्यांची उजवी फॉरवर्ड बेसलाइनच्या कडेनं चेंडू घेऊन आत यायची, अगदी चिंचोळ्या कोनातून मारायची, आणि चेंडू आमच्या गोलकीपरचा डावा पाय आणि खांब यांच्या मधून आत जायचा. मैदानाबाहेरून ओरडा सुरू होता, "पोरगी घाबरतीय!" मला ते पटेना. ती हलत नव्हती, गुडघे वाकवून, छाती पुढे ठेवून खांबाला धरून उभी होती.

मध्यंतरात तिला बसवून डावा किकर, म्हणजे बुटावर चढवायचं फोमचं कवच, हातात घेतला. आपलं मैदान मुरमाचं, त्यामुळे चेंडूचा ठसा फोमवर स्पष्ट उमटतो. दोन्ही ठसे पायाच्या आतल्या सपाट भागावर नव्हते, बाहेरच्या अगदी कडेला होते. किकर उलटा केला तर बुटाखालून जाणारा पट्टा झिजून धाग्यावर आला होता. टर्फवर हा पट्टा बराच टिकतो, मुरमावर लवकर जातो. तिनं पाय खांबाला टेकवला की किकर बुटावरच आत फिरायचा आणि बाहेरच्या कडेला फट पडायची. हॉकीचा चेंडू जेमतेम सात-साडेसात सेंटिमीटरचा, त्याला तेवढी जागा पुरते. वरून पाहिलं तर पॅड जागेवरच दिसायचा.

"सर, मला वाटलं माझाच पाय मागं राहतोय," ती म्हणाली.

"पाय बरोबर आहे बाळा, पट्टा गेलाय."

जुन्या बुटाची नाडी दुहेरी करून बुटाच्या खाचेतून घेतली, गाठ बाहेरच्या बाजूला आणली. पॅडचं खालचं टोक किकरवर नीट बसतंय ना, तेही पाहिलं. मग तिला एवढंच सांगितलं, की टाच गोलरेषेच्या किंचित पुढेच ठेव, कारण रेषेच्या आत उभं राहिलं तर पायाला लागलेला चेंडूही गोल ठरू शकतो. आणि डावा गुडघा ताठ करून खांबावर रेलू नकोस. पास मागे गेला तर त्याच पायानं रेटून तुला उजवीकडे जायचंय.

दुसऱ्या सत्रात तीच फॉरवर्ड पुन्हा आली. तिनं मारलं, चेंडू किकरला लागून बाहेर गेला. पुढच्या वेळी तिनं मारायच्या ऐवजी पेनल्टी स्पॉटकडे पास ओढला. आमची मुलगी खांब न सोडता उजव्या हातातली स्टिक जमिनीलगत पुढे टाकून बसली होती, पास स्टिकला लागून सर्कलबाहेर गेला. एक गोल आम्हीही केला, पण सामना २-१ नं गेलाच.

घरी परतताना बसमध्ये तिनं उजव्या किकरचा पट्टाही उलटून पाहिला. तोही अर्धा झिजलेला होता. दोन्ही नवे मागवले.