सहा पॉइंट एक

आज घोडबंदर रोडच्या एका गृहस्थांचा रिपोर्ट समोर होता. वय 44, वजन 82 किलो, ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1 निघालं. पहिला प्रश्न, "गोळी सुरू करायची का?"

5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आधी आकड्याची खात्री करायची: उपाशीपोटी साखर आणि सोबत हिमोग्लोबिन. लोह कमी असेल तर एचबीए1सी उगाच वाढलेलं दिसू शकतं. यांची साखर 108, हिमोग्लोबिन ठीक. म्हणजे आकडा खरा.

आता वजन. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सुमारे 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं हे लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 82 चे 7 टक्के म्हणजे पावणेसहा किलो. सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला किलोभर. "फक्त एवढंच?" म्हणाले. हो, एवढंच. यकृतावरची चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा नीट लागू पडतं.

गडबड होते ती रात्रीच्या ताटात. चपात्या चारच्या दोन केल्या, पण भाताचा डोंगर तसाच! भात एक वाटी, उसळ दोन वाट्या, आणि जेवणानंतर तलावपाळीला एक फेरी. वजन रोज नको, सोमवारी सकाळी एकदा. कंबरेला टेपही लावा.

एचबीए1सी पुन्हा तीन महिन्यांनी. त्याआधी केलं तर बरीचशी जुन्या लाल पेशींवरचीच साखर मोजली जाते.